थेंब खाली पडतो, गळती कुठे असते?

डिसेंबरातली सकाळ होती. न्हाणीघरात उपडी घातलेल्या बादलीच्या बुडावर टप् टप् आवाज येत होता. नळ नीट बंद झाला नसेल म्हणून तो आवळला, तरी आवाज थांबेना. मग वर पाहिलं. गिझरच्या बुडाशी, वायर जिथून आत जाते त्या भोकाच्या कडेला एक थेंब हळूहळू फुगत होता. तो सुटला, बादलीवर आपटला आणि त्याच जागी दुसरा फुगायला लागला.

गिझर पंधरा लिटरचा, भिंतीवर उभा टांगलेला, सहा वर्षांचा. त्याच दिवशी आलेल्या प्लंबरने मान वर करून पाहिलं, कव्हरवर दोन टिचक्या मारल्या आणि सांगून टाकलं, “ताई, टाकी गेली. सहा वर्षं चालला ना? वसूल झाला. आता नवा घ्या.” त्याने स्क्रूड्रायव्हर पिशवीतून बाहेरही काढला नव्हता.

त्याचं म्हणणं खरंही असू शकलं असतं. पण बुडातून पाणी येतं एवढ्यावरून ते ठरवता येत नाही. गिझरमध्ये गळती कुठेही झाली तरी पाणी शेवटी बुडाशीच दिसतं. छत भिजतं एका कोपऱ्यात आणि फट निघते गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, तसंच हे. दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, हे थेंब कुठे पडतो त्यावर नव्हे, तर पाणी कुठून निघतं त्यावर ठरतं. आणि ते कव्हर उघडल्याशिवाय कळत नाही.

गिझरच्या पोटात

बाहेरून दिसतो तो नुसता अंगरखा, पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा. त्याच्या आत पाण्याची खरी टाकी असते. या दोन्हींच्या मध्ये पिवळसर फोम भरलेला असतो, पाणी गरम राहावं म्हणून. टाकी बहुधा पोलादाची आणि आतून काचेसारख्या मुलाम्याची असते. दुकानदार तिला ‘ग्लासलाइन’ म्हणतात. काही गिझरमध्ये ती स्टेनलेस स्टीलची असते, जुन्यांमध्ये तांब्याची.

टाकीच्या बुडाला एक तोंड असतं. त्यावर लोखंडी चकती नटांनी आवळून बसवलेली असते. तिला फ्लॅन्ज म्हणतात. पाणी तापवणारी कॉइल, थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमची एक कांडी अशा तीन गोष्टी या चकतीतून टाकीत वर गेलेल्या असतात. चकती आणि टाकीचं तोंड यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असतं. प्रेशर कुकरच्या झाकणाला जी रिंग, ती इथे हे गॅस्केट. चकतीच्या खालच्या बाजूला विजेची टोकं असतात आणि त्या सगळ्यावर आपल्याला दिसणारं बुडाचं कव्हर.

बाजूने दोन नळ्या निघतात. निळ्या खुणेच्या नळीतून गार पाणी आत येतं, लाल खुणेच्या नळीतून गरम बाहेर जातं. लाल नळी टाकीच्या आत थेट वरपर्यंत गेलेली असते, कारण गरम पाणी वर जमतं. म्हणजे गार पाणी आत ढकललं जातं तेव्हाच गरम बाहेर पडतं. त्यामुळे वरून येणारं पाणी बंद करून गरम नळ कितीही वेळ उघडा ठेवला, तरी टाकी भरलेलीच राहते. नळाला पाणी येत नाही म्हणजे गिझर रिकामा झाला, असं समजून कुणी फ्लॅन्जचे नट सोडले तर पंधरा लिटर पाणी त्याच्या डोक्यावर येईल.

गळणारा व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी बिघडलेला नसतो

गार पाण्याच्या नळीवर पितळेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला एक पाती किंवा खटका आणि खाली एक बारीक तोंड असतं. आपल्याकडे त्याला सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात. तो पाणी आत जाऊ देतो पण उलटं येऊ देत नाही. दाब मर्यादेबाहेर वाढला की त्या तोंडातून थोडं पाणी सोडतो. टाकी रिकामी करायची असेल तर त्याचीच पाती उचलतात.

गिझर गळतो म्हणून येणाऱ्या तक्रारींत पहिली शंका याच व्हॉल्व्हची घ्यावी, कारण पुष्कळदा तो आपलं काम करत असतो. पाणी तापलं की फुगतं. वीस अंशांचं पाणी साठ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान सुमारे दीड टक्क्याने वाढतं. पंधरा लिटरच्या टाकीत हे सव्वादोनशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे एक मोठी वाटी होतं. नळ बंद असताना या वाढीव पाण्याला जायला जागा नसते, मागे फिरायलाही वाट नसते. दाब वाढत जातो आणि व्हॉल्व्ह थेंब थेंब सोडतो. काही जणांना हे थेंब नकोसे होतात आणि ते त्या तोंडात लाकडी खुंटी ठोकतात किंवा एम-सील लावतात. यासारखा धोकादायक उद्योग दुसरा नाही. थर्मोस्टॅट बिघडून पाणी उकळत राहिलं आणि दाबाची ही एकच वाट बंद असेल, तर टाकी फुटू शकते.

हे थेंब रोगट की निरोगी, हे घरी मोजता येतं. व्हॉल्व्हच्या तोंडाखाली प्लास्टिकची बाटली बांधा. एकदा गिझर तापेपर्यंत वाटीभर किंवा त्याहून कमी पाणी जमलं आणि तापणं थांबल्यावर थेंबही थांबले, तर काळजीचं कारण नाही. गिझर बंद असताना, पाणी गार असतानाही बाटली भरत असेल, तर एक तर व्हॉल्व्हच्या आत कचरा किंवा क्षार अडकलाय, नाहीतर नळाचा दाबच जास्त आहे. उंच इमारतीत हे दुसरं कारण विसरून चालत नाही. गच्चीवरची टाकी दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब देते. वीस मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो सहा बारच्या घरात जाऊ शकतो. पंप लावलेला असेल तर आणखी जास्त. गिझरच्या पाटीवर तो किती बार सोसतो ते छापलेलं असतं. हल्लीच्या बऱ्याच गिझरवर तो आकडा 8 असतो. अशा ठिकाणी व्हॉल्व्ह बदलून भागत नाही, घरात येणाऱ्या नळावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो.

दुसरी शंका नळ्यांच्या जोडांची. गिझरला जोडलेल्या वेणीच्या नळीतला रबरी वायसर वाळतो आणि तिथून आलेलं पाणी गिझरच्या पाठीवरून ओघळत बुडाशी जमतं. हे ओळखायला कोरडा टिश्यू पेपर पुरतो. सगळं पुसून कोरडं करायचं, प्रत्येक जोडाला टिश्यूचा तुकडा गुंडाळायचा आणि अर्ध्या तासाने बघायचं. जो भिजला तो गुन्हेगार.

आमच्याकडे टिश्यू कोरडे राहिले. व्हॉल्व्हखालची बाटलीही जवळजवळ रिकामी होती. मग वरून येणारा अँगल कॉक बंद केला. व्हॉल्व्ह किंवा गार नळीचा जोड गळत असता तर थोड्या वेळात थेंब थांबायला हवे होते. ते मंदावले, पण थांबले नाहीत. म्हणजे पाणी टाकीतूनच येत होतं. प्रश्न एवढाच उरला, की तोंडातून की पोटातून?

कव्हर उघडल्यावर

दुसऱ्या दिवशी एक जुने मेकॅनिक आले. त्यांनी आधी विचारलं, “ताई, मेन बंद केलात का?” मी गिझरचं बटण दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि पॅनेलवरचा एमसीबी खाली पाडला, प्लगही काढला. बटण वायरिंगमध्ये उलटं जोडलेलं असेल तर ते बंद असूनही आत वीज असू शकते. आणि बुडातून गळणाऱ्या गिझरमध्ये पाणी नेमकं विजेच्या टोकांवरून वाहत असतं. म्हणून पहिला थेंब दिसल्यापासून गिझर वापरायचाच नाही. “फक्त आंघोळीपुरता लावतो” हेही नाही. घरात अर्थिंग धड नसेल, तर त्या ओल्या अंघोळीत झटक्याची खरी भीती असते. गळतीबरोबर आरसीसीबी पडायला लागला असेल, तर कॉइलची नळी चिरून पाणी तिच्या आत गेल्याची ती खूण असते. तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नये.

पाणी गार होऊ दिलं, मग व्हॉल्व्हची पाती उचलून टाकी बादलीत रिकामी केली. कव्हरचे स्क्रू निघाले. त्यांनी मोबाइलचा टॉर्च माझ्या हातात दिला. “हे बघा,” ते म्हणाले. फ्लॅन्जच्या कडेला, दोन नटांच्या मध्ये, पांढरट क्षारांची एक मिशी उमटली होती. पाणी बरेच दिवस तिथून झिरपत होतं आणि वाळताना क्षार मागे ठेवत होतं. आजूबाजूचा फोम त्यांनी बोटाने दाबून पाहिला. कोरडा होता. फोम कोरडा आणि मिशी फ्लॅन्जवर, म्हणजे गळती तोंडाची. पोट शाबूत असण्याची शक्यता दाट.

नट सुटले आणि चकती कॉइलसकट खाली आली. तिच्यामागोमाग टाकीतून पांढऱ्या कपच्यांचा ढीग बादलीत पडला, जवळजवळ दोन वाट्या. आमच्या सोसायटीत बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी मिसळून येतं. त्यातले क्षार तापल्यावर कॉइलवर चिकटतात, जाड झाले की तडकून तळाशी पडतात. कॉइलवर चुन्याचा थर होताच. तिची दोन टोकं मल्टिमीटरला लावून त्यांनी मोजली. आकडा आला साडेसव्वीस ओहमच्या आसपास. दोन हजार वॅटची कॉइल 230 व्होल्टवर एवढंच दाखवते. एक टोक आणि कॉइलची धातूची नळी यांच्यात मीटरने काहीच दाखवलं नाही. तेही बरोबर, कारण तिथे काही दिसलं असतं तर वीज पाण्यात उतरत होती असा अर्थ झाला असता. कॉइल वाचली.

गॅस्केट मात्र गेलं होतं. वाळलेल्या भाकरीच्या कडेसारखं कडक, एका बाजूला चीर पडलेलं. रोज तापून फुगणं आणि गार होऊन आकसणं यात रबर काही वर्षांत ताठ होतं, मग फट भरून काढायची त्याची ताकद जाते. पण मेकॅनिक लगेच नवं गॅस्केट घालून मोकळे झाले नाहीत. त्यांनी टाकीच्या तोंडाची कडा चिंधीने पुसली आणि त्यावरून गोल बोट फिरवलं. मलाही फिरवायला लावलं. थोडा गंजाचा डाग होता, पण कडा गुळगुळीत लागली. “इथे खड्डे लागले असते तर मीच म्हटलं असतं, नवा घ्या,” ते म्हणाले. कडा खाल्लेली असेल तर नवं गॅस्केट बसत नाही, आज थांबलेलं पाणी महिन्याभरात परत येतं. गळती तोंडाची असूनही गिझर बदलावा लागतो, तो याच कारणाने.

उरलेली तार

नंतर त्यांनी चकतीवरची एक बारीक, गंजकी तार मला दाखवली. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, “ही तुमची मॅग्नेशियमची रॉड होती.”

पोलादाच्या टाकीचं आयुष्य या कांडीवर असतं. काचेचा मुलामा कितीही चांगला दिला तरी त्यात सुईच्या टोकाएवढ्या फटी राहतातच, खासकरून जोडाशी आणि कोपऱ्यांत. तिथे पाणी उघड्या पोलादाला भिडतं. मॅग्नेशियम पोलादापेक्षा लवकर झिजणारा धातू आहे. दोन्ही धातू एकाच पाण्यात आणि एकमेकांना जोडलेले असले, की गंजण्याचं सगळं भोगणं मॅग्नेशियमच्या वाट्याला येतं आणि पोलाद वाचतं. कांडी विरघळत जाते, अंगठ्याएवढी जाड असते ती आधी खडबडीत होते, मग पेन्सिलीएवढी आणि शेवटी मधली तार उरते. त्या दिवसापासून पाण्यापुढे टाकी उघडी पडते.

कांडी किती दिवस पुरेल हे पाण्यावर ठरतं. क्षारांचं पाणी विजेला जास्त वाट देतं, म्हणून बोअरवेलच्या पाण्यात ती भराभर झिजते. अशा पाण्यात दरवर्षी, एरवी दोन वर्षांतून एकदा ती उघडून पाहावी. अर्ध्याहून जास्त झिजली असेल तर बदलावी. आम्ही सहा वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. तरी टाकी का वाचली, याचं उत्तर मेकॅनिकनी दिलं, “नशीब म्हणा. किंवा तार उरून फार दिवस झाले नसतील.” एका अर्थी फाटलेल्या गॅस्केटने आमच्यावर उपकारच केले. ते गळलं नसतं तर कव्हर उघडलं नसतं आणि वर्षा-दोन वर्षांत टाकीला भोक पडलं असतं.

कॉइलवरचा थर त्यांनी लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात ती बुडवून उतरवला. काही जण यासाठी संडास धुण्याचं ॲसिड वापरतात. त्याने थर झटक्यात जातो, पण धातूही खाल्ला जातो, आणि ते टाकीत ओतलं तर मुलाम्याच्या फटींतून थेट पोलादाला लागतं. नवं गॅस्केट त्याच मॉडेलचं आणलं, नवी कांडी बसवली. नट आवळताना त्यांनी एक झाला की शेजारचा धरला नाही, तर समोरचा घेतला. पुन्हा थोडा, पुन्हा समोरचा. मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे. एकच बाजू आधी घट्ट झाली तर चकती तिरकी बसते आणि नवं गॅस्केटही गळतं.

मग कव्हर न लावता आणि वीज न देता टाकी भरली. गरम नळ उघडा ठेवला होता. त्यातून आधी हवा फुसफुसत आली, मग पाणी सलग आलं, तेव्हा टाकी भरली असं समजायचं. ती भरण्याआधी बटण दाबलं तर कोरडी कॉइल जळते. फ्लॅन्जभोवती टिश्यू गुंडाळून तो रात्रभर तसाच ठेवला. सकाळी कोरडा होता. मग वीज दिली, एकदा पूर्ण तापवला, पुन्हा टिश्यू पाहिला. तेव्हाच कव्हर लागलं.

वरच्या मजल्यावरचा गिझर

हे ऐकून वरच्या मजल्यावरचे आजोबा खाली आले. त्यांचाही गिझर गळत होता, पंचवीस लिटरचा, अकरा वर्षांचा. “आमचंही वायसरच असेल, बदलून द्या,” ते मेकॅनिकना म्हणाले.

तिथे कव्हर काढण्याआधीच काही गोष्टी वेगळ्या दिसल्या. खाली जमलेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. बाहेरच्या पत्र्यावर, बुडापासून वीतभर वर, रंगाला फुगे आले होते. आतून ओल लागल्याशिवाय तिथे फुगे येत नाहीत. कव्हर काढल्यावर फ्लॅन्ज कोरडी निघाली, मिशी नाही की ओल नाही. पाणी येत होतं चकतीच्या बाहेरून, टाकीचं तोंड आणि पत्रा यांच्यामधल्या फोममधून. मेकॅनिकनी फोम दाबला आणि भिजलेल्या स्पंजातून यावं तसं तांबूस पाणी त्यांच्या बोटांवर आलं.

हे टाकीचं भोक. ते नेमकं कुठे आहे ते बाहेरून दिसत नाही, कारण फोम टाकीला सगळीकडून चिकटलेला असतो. आणि दिसलं तरी उपयोग नसतो.

आजोबा सहजी ऐकणारे नव्हते. “वेल्डिंग मारता येत नाही? आमच्या लहानपणी बंब गळला की वडील तांबट आळीत नेऊन झाळून आणायचे. वीस वर्षं चालला तो बंब.” त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. बंब तांब्याचा असतो, तांबं झाळता येतं, आणि मुख्य म्हणजे बंबाचं तोंड उघडं असतं, आत नळाचा दाब नसतो. काचेच्या मुलाम्याच्या टाकीचं तसं नाही. वेल्डिंगच्या आचेने भोकाभोवतीचा मुलामा तडकून जातो. एक भोक बुजतं आणि त्याच्याभोवती उघड्या पोलादाची नवी पट्टी तयार होते. शिवाय जिथे एक भोक पडलं तिथे आसपासचा पत्राही आतून पातळ झालेला असतो. बाहेरून एम-सील लावणं तर याहून व्यर्थ, कारण आतला दाब ते रोज थोडं थोडं उचलत राहतो. मेकॅनिकनी आजोबांना सरळ सांगितलं, “काका, मी पैसे घेईन आणि महिन्याने तुम्ही मला शिव्या द्याल.”

स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा न्यायही शेवटी हाच. ती सहसा सगळीकडून गंजत नाही, पण खारट पाण्यात जोडांच्या रेषेवर तिला बारीक चिरा आणि सुईसारखी भोकं पडतात. एक बुजवलं तरी तेच पाणी त्याच रेषेवर दुसरं पाडतं.

हिशेब

आमच्या दुरुस्तीला गॅस्केट, कांडी आणि मजुरी मिळून साधारण एक हजार रुपये लागले. तसाच नवा गिझर बसवण्यासकट साडेसात हजारांच्या घरात गेला असता. दर गावागावांत आणि वर्षागणिक बदलतील, पण प्रमाण डोळ्यांपुढे ठेवावं. टाकी चांगली असेल तर गॅस्केट, व्हॉल्व्ह, कांडी, एवढंच काय कॉइल बदलणंही स्वस्तात पडतं. टाकी गेली असेल तर बाकीचे भाग नवे घालूनही हाती काही लागत नाही.

अवघड असतो तो मधला गिझर. टाकी अजून गळत नाही, पण वय आठ-नऊ वर्षं, कांडी केव्हाच संपलेली, तोंडाची कडा खडबडीत, त्यातच कॉइलही चिरलेली. अशा वेळी मी दोन गोष्टी बघते. कडेवर बोट फिरवल्यावर खड्डे लागतात का, हा पहिला प्रश्न. लागत असतील तर विषय संपला. नसतील तर सगळे भाग धरून दुरुस्ती नव्या गिझरच्या निम्म्या किमतीवर जाते का, हा दुसरा. जात असेल तर नवा घ्यावा, कारण त्या पैशात आपण जुनी, कदाचित आतून पातळ झालेली टाकीच जपत असतो. हा निम्म्याचा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा घरगुती अंदाज आहे.

आणि या सगळ्याच्या आधी हमीपत्र शोधावं. बहुतेक कंपन्या पूर्ण गिझरला थोड्या वर्षांची आणि टाकीला वेगळी, जास्त वर्षांची हमी देतात. बाकी सगळी हमी संपलेली असली तरी टाकीची चालू असू शकते. तशी असेल तर कव्हरला बाहेरच्या माणसाचा हात लागण्याआधी कंपनीला फोन करावा. आजोबांच्या टाकीची हमी संपून बरीच वर्षं झाली होती.

त्यांनी नवा गिझर घेतला. घेताना मेकॅनिकनी त्यांना तीनच गोष्टी बघायला सांगितल्या. पाटीवर आयएसआयची खूण आणि आपल्या मजल्याच्या दाबाला पुरेल असा बारचा आकडा आहे ना. आत कांडी आहे का आणि ती सुटी मिळते का. आणि बसवताना नवा सेफ्टी व्हॉल्व्हच लावायचा, जुना काढून त्यालाच जोडायचा नाही. पंचवीस लिटर पाणी म्हणजे पंचवीस किलो, त्यात गिझरचं स्वतःचं वजन. जुन्या, सैल झालेल्या भोकांत तेच बोल्ट ठोकू नका, असंही त्यांनी भिंत ठोकून पाहत बजावलं.

जाण्यापूर्वी ते आमच्या न्हाणीघरात परत आले, खिशातून काळा मार्कर काढला आणि गिझरच्या बुडाच्या कव्हरवर त्या दिवसाची तारीख घातली. तिच्याखाली लिहिलं, ‘रॉड नवी’. आंघोळीला बसलं की ती अक्षरं डोळ्यांसमोरच येतात. जुनी तार मी फेकलेली नाही. ती न्हाणीघराच्या खिळ्यावर अडकवलेली आहे आणि पुढच्या डिसेंबरात कव्हर उघडलं की नव्या कांडीशी लावून बघायची आहे.